दर महिन्याच्या ६ तारखेला २९९ रुपये जातात, कसे थांबवायचे?

वेळणेश्वरकर: होमस्टेचे फोटो नीट करायला मार्चमध्ये बाबांच्या फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं, सात दिवस फुकट होतं. तेव्हापासून २९९ कापले जातायत. काल पासबुक भरलं तेव्हा कळलं. शाखा चिपळूणला आहे आणि या पावसात मला तिकडे जायचं नाहीये. घरबसल्या होईल असं सांगा.

देवगड_हापूस: अ‍ॅप काढून टाका, विषय संपला.

मालवणी_माणूस: मीपण असाच अ‍ॅप काढलंय नि सहा महिने पैसे जातच रवले. काय उपयोग नाय. सरळ शाखेत जा.

सुरंगी: ओटीपी न विचारता पैसे गेले म्हणजे फसवणूक. आधी पोलिसात तक्रार द्या.

निवृत्त_कॅशिअर: ताई, दर वेळी ओटीपी लागत नाही. पहिल्यांदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता ओटीपीशिवाय जातो. मात्र किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. दादा, पासबुकातल्या नोंदीत UPI लिहिलंय का तेवढं बघा. असेल तर कार्डाचा काही संबंध नाही, कार्ड बंद करूनही पैसे जातील. ज्या अ‍ॅपवरून पैसे देता त्यातच ऑटोपे शोधा, तिथे चालू परवानगी दिसेल. ती रद्द करा, पिन मागेल. नोंद कार्डाची असेल तर नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या ई-मँडेटमध्ये बघा.

रत्नांग्री: आमच्याकडे एका टीव्ही अ‍ॅपचे वर्षाचे १,४९९ एकदम गेले. वर्षाचं कधीच घेऊ नका.

वेळणेश्वरकर: काका, UPI च आहे! ऑटोपेमध्ये सापडलं, कमाल रक्कम ९९९ दाखवतंय. म्हणजे त्यांनी दर वाढवला असता तरी ९९९ पर्यंत मला न विचारता गेले असते? आणि सूचना एकही आली नाही.

निवृत्त_कॅशिअर: हो, मर्यादेच्या आतली रक्कम जाते. सूचना बँकेत नोंदलेल्या नंबरवर येते, बाबांचा तो नंबर चालू आहे ना? आणि प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीतूनही रद्द करा, नाहीतर तिथे पैसे थकीत दाखवत राहील.

वेळणेश्वरकर: तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलाय. सगळे मेसेज तिकडेच गेले असणार.

मालवणी_माणूस: मग नंबर बदलूक शाखेत जावाच लागतला. मी आधीच सांगलंय.

देवगड_हापूस: गेलेले पैसे परत मिळतात का?

निवृत्त_कॅशिअर: आधी अ‍ॅपवाल्यांकडे मागायचे. परवानगी आपणच दिलेली असते, म्हणून बँक सहसा हात वर करते. रद्द केल्यानंतरही कापले तर मात्र बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जाता येतं.

वेळणेश्वरकर: दोन्हीकडून रद्द केलं. जुने पैसे मागत बसत नाही. आणि शाखेत जाऊन नंबर बदलण्याऐवजी बाबांच्या फोनवरून UPI च काढून टाकतोय, ते रोखीनेच बाजार करतात.

निवृत्त_कॅशिअर: अहो, UPI काढलंत तरी नंबर बदलाच. उद्या खात्यातून दुसरं काही गेलं तर कळणार कसं?

वेळणेश्वरकर: गणपतीनंतर बघू, काका.