बाबांसाठी बीपी दाखवणारं घड्याळ कोणतं घ्यावं? (बजेट दहा हजार)

बोरिवली_स्लो
नमस्कार मंडळी. बाबा 68 वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, बोरिवलीला आमच्याकडेच असतात. भाच्याने त्यांना मनगटाचा बँड दिलाय, दीड-दोन हजारांतला. पावलं, झोप, बीपी, सगळं दाखवतो. भानगड अशी की बँडवर दिवसभर 122/78, 124/80 असं छान छान येतं आणि दवाखान्यात गेलं की 156/92. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन 5 ची 10 करायला सांगितली, तर बाबा म्हणतात, "तिथे गेलो की धसक्याने वाढतं, घरी नॉर्मल आहे, हे बघ," आणि मनगट पुढे करतात. म्हणून जरा चांगल्या कंपनीचं, नेमकं बीपी दाखवणारं घड्याळ घ्यावं म्हणतोय. दंडाला पट्टा आवळणारं मशीन त्यांना नको आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मापात_पाप
मी हॉस्पिटलात बायोमेडिकलला आहे, मॉनिटर आणि बीपी मशीनं तपासणं हेच काम. घड्याळाचं नंतर बघू. आधी एवढं करा: बँडच्या ॲपमध्ये प्रोफाइल उघडा, वय 68 चं 28 करा आणि बाबांच्याच हातावर, ते बसलेले असतानाच रीडिंग घ्या. मग वय पूर्ववत करून परत घ्या. काय येतं ते इथे लिहा.

मुलुंडचे_काका
मी गेली कित्येक वर्षं मनगटावरच बीपी मोजतो आणि डॉक्टरांच्या मशीनशी बरोबर जुळतं. उगाच कशाला घाबरवता लोकांना? फक्त मोजताना हात छातीपाशी धरावा.

मापात_पाप
काका, तुमचं मशीन मोजताना फुगतं ना? घूं आवाज करून मनगट आवळतं? मग ते वेगळं. ते खरोखर दाब देऊन मोजतं, फक्त मनगटावर. हात छातीपाशी धरायचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मनगट हृदयापेक्षा वीतभर खाली राहिलं तरी आकडा पंधरा-सोळाने चढा येतो. इथे प्रश्न आहे तो काहीच न आवळता आकडा दाखवणाऱ्या बँडचा.

मुलुंडचे_काका
हो, फुगतं. अच्छा, न फुगणारी पण मिळतात होय.

बोरिवली_स्लो
केलं. वय 28 टाकलं तर 113/72. परत 68 केलं तर 124/79. दोन-तीनदा करून पाहिलं, दर वेळी तसंच. गंमत म्हणून वजन दहा किलोने वाढवलं, तर 128 दाखवलं. बाबांच्या समोरच केलं सगळं. बाबा गप्प आहेत, पण बँड काही काढलेला नाही.

मापात_पाप
झालं तर मग. दोन मिनिटांत कुणाचं बीपी वय बदलून उतरत नाही.

बँडच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत दर ठोक्याला रक्त किती भरतं आणि ओसरतं एवढंच बघतो. त्यावरून नाडी मिनिटाला किती, ती नियमित आहे का, हे बऱ्यापैकी कळतं. दाबाचं तसं नाही. दंडाचं मशीन पट्ट्याने रक्तवाहिनी दाबून बंद करतं आणि हळूहळू सोडताना नाडीचे धक्के कसे बदलतात ते बघतं, म्हणजे दाबाची गाठ दाबाशीच घालतं. बँडकडे ती सोय नाही. तो लाटेच्या आकारावरून तर्क करतो, आणि तो आकार एसीत हात गार पडले तरी बदलतो, पट्टा सैल झाला तरी बदलतो, वयाने रक्तवाहिन्या कडक झाल्या तरी बदलतो. मग सॉफ्टवेअर कशावर विसंबणार? तुम्ही भरलेल्या वय-वजनावर. तुमच्या बाबांना जो आकडा दिसतो त्यात "68 वर्षांच्या एवढ्या वजनाच्या माणसाचं साधारण किती असावं" हाच भाग मोठा आहे, वर थोडी हलवाहलव. आकडा इतका शहाण्यासारखा एका जागी बसतो तो त्यामुळेच. खरं बीपी दिवसभरात असं बसून राहत नाही.

लॅमिंग्टन_रोड
स्वस्त बँडबद्दल सहमत, ते खेळणंच आहे. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. चांगल्या घड्याळांत आधी दंडाच्या मशीनने कॅलिब्रेट करावं लागतं. सॅमसंगमध्ये तीन रीडिंग भरायची आणि दर 28 दिवसांनी पुन्हा करायचं. दक्षिण कोरियाच्या सरकारने 2020 मध्ये त्याला मंजुरी दिली आहे. माझ्याकडे कॅलिब्रेटवालं घड्याळ आहे, दंडाच्या मशीनशी ताडून बघतो, चार-पाचचा फरक, बस. कॅलिब्रेट केलं की झालं काम.

मापात_पाप
कॅलिब्रेशनशिवाय चालणाऱ्यांपेक्षा हे बरं, मान्य. पण "झालं काम" इथे अडतं.

बोरिवलीकरांच्या बाबांचंच उदाहरण घेऊ. समजा, त्यांनी असं घड्याळ घेतलं आणि आज दंडाच्या मशीनचे 154, 152, 153 भरले. उद्या सकाळी त्याच खुर्चीत बसून घड्याळ बघितलं, 151. दंडाच्या मशीनवर 153. वा, जुळलं! पण घड्याळाने काल ऐकलेला 153 जरा इकडेतिकडे करून परत सांगितला असता तरी जुळलंच असतं. तुमचा चार-पाचचा फरक नेमका याच जागी मोजलेला आहे.

आता गोळी 5 ची 10 झाली. ॲम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्याने दंडावर 138 आलं असं धरा. घड्याळ 138 च्या आसपास आलं का, की 150 लाच चिकटून बसलं? सगळी परीक्षा इथे आहे. आणि उलटंही होतं. समजा कॅलिब्रेशन 138 ला झालं आणि बाबा आठवडाभर गोळ्या विसरले, तर चढलेलं बीपी घड्याळाला दिसेल का? युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने 2023 मध्ये अशा उपकरणांसाठी सहा चाचण्या सुचवल्या त्या म्हणूनच. नुसतं बसून जुळणं पुरेसं नाही. हात वर-खाली केल्यावर, झोपेत, व्यायामात, गोळी सुरू केल्यावर, आणि पुढच्या कॅलिब्रेशनच्या ऐन तोंडावर काय होतं, तेही बघा म्हणतात. निदानासाठी किंवा गोळी ठरवण्यासाठी ही उपकरणं वापरू नका, असं त्यांचं मत आहे.

आणखी एक खोच. गोळ्या स्वतःच लाटेचा आकार बदलतात. काही रक्तवाहिन्या सैल करतात, काही नाडी मंद करतात. तेव्हा घड्याळाने आकडा उतरवला तरी तो दाब उतरल्यामुळे की नाडी मंदावल्यामुळे, हे त्यालाही सांगता येत नाही.

लॅमिंग्टन_रोड
हम्म. माझी गोळी पुढच्या महिन्यात बदलणार आहे. कॅलिब्रेट न करता तसंच ठेवतो आणि दोन्ही आकडे लिहून काढतो. मला अजून वाटतं की घड्याळ पकडेल. बघू.

मापात_पाप
जरूर. पकडलं तरी इथे लिहा.

गच्चीवरची_तुळस
मध्येच विचारते, माफ करा. माझी लेक सातव्या महिन्यात आहे, डोंबिवली ते फोर्ट रोज जाते-येते. तिने फोनमध्ये ॲप घेतलंय, कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी येतं. रोज 116, 118 येतं. मग ठीक आहे ना?

मापात_पाप
ताई, त्या ॲपवर अजिबात विसंबू नका, आजच काढून टाकायला सांगा. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं असंच एक ॲप अमेरिकेत धडाक्यात विकलं गेलं होतं. एक बोट कॅमेऱ्यावर आणि फोन छातीला टेकवायचा. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते तपासून 2016 मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा शंभरातल्या 77-78 जणांना ॲपने "वाढलेलं नाही" सांगितलं. त्याच वर्षी तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने कंपनीवर कारवाई केली.

गरोदरपणात बीपी थोड्या दिवसांत चढू शकतं आणि "116" बघून माणूस निर्धास्त राहतो, धोका तो आहे. दंडाचं मशीन घ्या, आणि गरोदरपणासाठी तपासलेलं मॉडेल घ्या. सगळी नसतात. 140/90 किंवा वर आलं, डोकं जोरात दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

गच्चीवरची_तुळस
बाई गं. आजच तिला फोन करते.

बोरिवली_स्लो
मग ही घड्याळं कशालाच उपयोगी नाहीत का? बाबांना ते मनगटावर हवंच आहे.

मापात_पाप
असू दे की. पावलांना, नाडीला, गोळीची वेळ झाली की थरथरायला उत्तम. ॲपमधलं बीपीचं पान तेवढं बंद करा. बंद होत नसेल तर रोज 124 बघायची सवय तरी तोडा.

ॲपलने 2025 मध्ये काढलेली सोय मला विचार म्हणून पटते. ते घड्याळ आकडा देतच नाही. साधारण महिनाभराच्या लाटा बघून "बीपी वाढलेलं असण्याची खूण दिसते, मशीनने मोजून बघा" एवढंच सांगतं. वाढलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण त्यातून निसटतात, म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ बीपी ठीक असा नाही. पण ज्याने कधी मोजलेलंच नाही त्याला टोचणी म्हणून चालेल. तुमच्या बाबांना मात्र त्याचा उपयोग नाही. आधीच निदान झालेल्यांसाठी आणि गरोदर बायकांसाठी ते नाहीच.

लॅमिंग्टन_रोड
निम्म्याहून जास्त निसटतात आणि ते पटतं? मग माझं घड्याळ काय वाईट होतं!

मापात_पाप
तुमचं आकडा देतं, आणि आकडा बघून माणूस गोळी ठरवतो. पण यावर दोन मतं असू शकतात, आमच्या डिपार्टमेंटमध्येही आहेत.

बोरिवली_स्लो
ठीक, दंडाचंच घेतो. कोणतं? आणि दवाखान्यात धसक्याने वाढतं म्हणतात ते खोटं का?

मापात_पाप
खोटं नाही, खरंच वाढतं काही जणांचं. बाबांचा मुद्दा चुकीचा नाही, साक्षीदार चुकीचा आहे. म्हणून घरी नीट मोजा. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत बसायचं. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी 135/85 च्या खाली असेल तर बाबा म्हणतात तसं असेल, वर असेल तर डॉक्टर म्हणतात तसं. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते ठरवेपर्यंत चालू गोळी बंद करू नका.

कंपनीपेक्षा मॉडेल बघा. stridebp.org वर तपासलेल्या मॉडेलांची यादी आहे. आणि दुकानात जाण्याआधी टेलरची टेप घेऊन बाबांच्या दंडाचा घेर मोजा, खांदा ते कोपर यांच्या बरोबर मध्ये. पट्टा लहान पडला तर आकडा चढा येतो आणि पुन्हा भांडण.

बोरिवली_स्लो
34 सेंमी भरला. बाबांची अट आली आहे: मशीन फार आवळायचं नाही.

मापात_पाप
मग 22 ते 42 लिहिलेला पट्टा घ्या, 22 ते 32 नको. आवळतं ते वरच्या बीपीच्या जरा वरपर्यंत, त्याला इलाज नाही. पहिल्यांदा बाबा बोलले किंवा हात हलवला तर ते पुन्हा आणखी जोरात फुगेल, म्हणून तेवढं मिनिटभर टीव्ही बंद ठेवा.