मदत हवी आहे : धर्म-अभ्यासात पहिल्या आलेल्या मुलीचं तीन मिनिटांचं भाषण

मंडळी, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या शाळेत भाचीला जीसीएसई या आपल्या दहावीसारख्या परीक्षेतल्या धर्म-अभ्यास विषयाचं बक्षीस मिळतंय. भाषण इंग्रजीत, तीन मिनिटं, म्हणजे सावकाश बोलून साधारण ३६० शब्द.

शिक्षकांचे आभार साठेक शब्दांत बसवलेत. नुसतं ‘प्रेरणा दिली’ म्हटलं की ते कुणालाही लागू पडतं, म्हणून एकच नेमकी गोष्ट ठेवली आहे: बाईंनी प्रत्येक उत्तराच्या समासात ‘हे कोण मानतं?’ असं लिहिणं.

अडलंय ते पुढे. ‘इतर धर्मांबद्दल कुतूहल ठेवा’ हे उदाहरणाशिवाय पोकळ वाटतं. अभ्यासाला ख्रिस्ती आणि इस्लाम हे धर्म होते. म्हणून पहिला पर्याय: कुराणातल्या १९व्या सूऱ्याचं, म्हणजे अध्यायाचं, नाव मरियम, येशूच्या आईचं. येशू तिथे ईसा, आदरणीय पैगंबर. पण देवाचा पुत्र नव्हे, आणि क्रूसावरचा मृत्यूही कुराण नाकारतं. नेमका हा फरक गाळला की भाषण ‘सगळे धर्म सारखेच’वर घसरतं, आणि समोर बसलेल्या दोन्हीकडच्या पालकांना ते खोटं वाटतं.

दुसरा पर्याय आपल्या घरचा: नामदेवांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. शीख कुटुंबं तिथे बरीच असतील, पण नामदेव कोण हे सांगण्यातच चाळीस सेकंद जातात.

दोन्ही घेतली तर घाई होते. एकच ठेवायचं तर कोणतं? आणि क्रूसाबद्दलचा मतभेद दोन वाक्यांत, कुणाला न दुखावता पण बोथट न करता कसा मांडावा? तयार वाक्यं सुचवलीत तर फार बरं होईल.