डीप स्लीप आणि सेलचे महिने

> डेटाशीटमध्ये डीप स्लीपला १० मायक्रोअँप लिहिलंय, मग माझी २६०० एमएएचची सेल पंधरा दिवसांत का संपते?

दादा, ते १० मायक्रोअँप नुसत्या ईएसपी३२ चिपचे आहेत, बोर्डाचे नाहीत. बोर्डावरचा AMS1117 रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास खातो, वर तो लाल एलईडी आणि यूएसबीची चिप. आमच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेत मातीच्या ओलाव्याचा नोड लावला होता, झोपेत मोजला तर ८ मिलिअँप! म्हणजे दिवसाला १९२ एमएएच नुसत्या झोपेत.

मग सुटं मॉड्यूल घेतलं, HT7833 रेग्युलेटर लावला, झोपेतला करंट २० मायक्रोअँपवर आला. आता हिशोब बघ, दर अर्ध्या तासाला उठतो म्हणजे दिवसात ४८ वेळा, प्रत्येक वेळी ५ सेकंद १२० मिलिअँप, झाले ८ एमएएच, झोपेचे जेमतेम अर्धा. सेलचे ८० टक्केच धर, २०८० भागिले ८.५ म्हणजे साधारण २४५ दिवस, आठ महिने.

पण वायफाय मिळालं नाही आणि नोड ३० सेकंद शोधत बसला तर हेच आठ महिने दीड महिन्यावर येतात, म्हणून १० सेकंदांत जोडलं नाही तर सरळ `esp_deep_sleep_start()`.

मोजताना मीटर मायक्रोअँप रेंजला सिरीजमध्ये लावून त्याच्या दोन्ही टोकांना वायरने शॉर्ट ठेव, नोड झोपला की मगच वायर काढ, नाहीतर उठताना व्होल्टेज पडून तो रिसेटच होत राहतो.