'ओव्हरक्वालिफाइड'ला मराठीत काय म्हणाल?

पानगळ: 'अतिपात्र' कुठेतरी वाचलं पण बोलताना कोणी वापरत नाही. विचारायचं कारण, परवा इंटरव्ह्यूत हेच ऐकलं, मी दहा जणांची टेस्टिंग टीम सांभाळलीय आणि आता अर्ज केलाय साध्या टेस्टरच्या पोस्टसाठी, कारण मला खरंच तेच काम करायचंय. दुसरा राउंड बाकी आहे.

कुतूहल: 'पोस्टच्या मानाने जास्त अनुभवी' म्हणा की सरळ. अर्थ एकच, तुमचा पगार आम्हाला परवडणार नाही.

रातराणी: पगार हे अर्धंच झालं. मी भरतीचं काम करते. मॅनेजर हा शब्द वापरतो तेव्हा हा माणूस टिकेल का, कंटाळेल का आणि माझं ऐकेल का, हे तीन प्रश्न असतात, त्यातला शेवटचा तर कोणी तोंडावर विचारतच नाही. म्हणून आधी विचारून घ्या की नेमकी काळजी कशाची वाटतेय, आणि तेवढ्यालाच उत्तर द्या. तुम्ही असं सांगू शकता, अर्थात खरं असेल तरच: "माझा सगळा दिवस मीटिंग आणि अप्रेझलमध्ये जायचा, टेस्टिंग हातचं सुटलं होतं. तुमच्या जाहिरातीत पेमेंटचं टेस्टिंग आहे, पैसे कापले गेले पण ऑर्डर पडली नाही असले घोळ शोधायला मला आवडतं. पगाराची रेंज बघूनच अर्ज केलाय." 'काहीही चालेल' म्हणू नका, त्यातून दुसरं काही मिळेना असाच अर्थ निघतो. आणि 'कधीच सोडणार नाही' यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

गवतफूल: माझं उलटंच, मला अनुभव कमी म्हणून नाकारलं, त्याला काय म्हणायचं?

कुतूहल: ते 'अपात्र', इथे विषय वेगळाय.

पानगळ: रेझ्युमेतून मॅनेजरचं पद काढून टाकू का?

रातराणी: नको नको. बॅकग्राउंड चेकमध्ये जुन्या कंपनीला पद आणि तारखा विचारतात, तिथे फरक निघाला तर हातात आलेली ऑफरही जाते. पद राहू द्या, टीम सांभाळल्याच्या चार ओळींची एक करा आणि स्वतः केलेलं टेस्टिंग वर घ्या.

झुळूक: 'वरचढ' कसा वाटतो? पोस्टपेक्षा वरचढ उमेदवार.

कुतूहल: वरचढमध्ये कुरघोडी आली, उमेदवार बिचारा तसं काही करत नाहीये.

रातराणी: मला उलट तोच आवडला, मॅनेजरच्या मनातली धास्ती त्यात बरोबर येते. उमेदवाराने मात्र स्वतःबद्दल वापरू नये.

पानगळ: पटलं. एक राहिलं, तिथला लीड माझ्यापेक्षा बराच लहान आहे, 'निर्णय तुमचा, मी माझं मत फक्त मांडेन' हे मी आपणहून बोलू का?

रातराणी: मी तर बोला म्हणेन.

झुळूक: मला नाही पटत, त्याच्या डोक्यात नसेल तर आपणच कशाला घालायचं?