एनए अर्ज: आधी सातबाऱ्याचे ‘इतर हक्क’ वाचा

> शेतजमिनीवर घर बांधायचंय. एनएच्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात?

चालू सातबारा, आठ अ, सातबाऱ्यावरचे सगळे फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला, बांधकामाचा आराखडा आणि रस्ता असल्याचा पुरावा. सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमतीही.

पण आधी सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. आमचं सोसायटीचं कर्ज कधीच फिटलं होतं, बोजा मात्र तसाच राहिलेला, म्हणून अर्ज परत आला. सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करून घ्या. त्या फेरफाराला 15 दिवसांची नोटीस असते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आणि हो, सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर थांबा. आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, बहुधा नजराणाही भरावा लागतो.