उत्तर: एका ऑर्डरची दोन पार्सलं आणि पैशांचा हिशेब
> ऑर्डरला एकच स्टेटस आहे. अर्धा माल पोचला, अर्धा परत आला, तर काय लिहायचं?

ऑर्डरवर काहीच लिहू नका. स्टेटस प्रत्येक पार्सलला द्या आणि ऑर्डरचं त्यावरूनच काढा. डिलिव्हरीपेक्षा खरा घोळ पैशांत होतो. कॅश ऑन डिलिव्हरीत कुरियर कंपनी पैसे प्रत्येक पार्सलच्या एअरवे बिल नंबरनुसार जमा करते, तुमच्या ऑर्डरनुसार नाही. म्हणून सवलत आणि आगाऊ रक्कम ऑर्डरची पार्सलं करतानाच त्यांच्यात वाटून घ्या.

समजा साडी १६०० आणि कुर्ता ८००, सवलत १० टक्के, आगाऊ ५००. सवलतीनंतर साडी १४४०, कुर्ता ७२०. आगाऊ रक्कम त्याच प्रमाणात ३३३ आणि १६७. म्हणजे साडीच्या पार्सलवर ११०७ आणि कुर्त्याच्या पार्सलवर ५५३ वसूल करायचे. पूर्ण रुपये करताना पडणारा पैशांचा फरक शेवटच्या पार्सलवर टाका, म्हणजे बेरीज १६६० च राहते. कुर्ता परत आला तर ५५३ ची वसुली रद्द होते, परतावा फक्त १६७ चा, आणि साडीच्या नोंदीला हात लावावा लागत नाही. ‘डिलिव्हर झालं’ आणि ‘पैसे खात्यात आले’ हे मात्र दोन वेगळे रकाने ठेवा; कुरियरकडून रक्कम काही दिवसांनी येते.