मदत हवी आहे: बॉनेट बंद, तरी ‘बॉनेट ओपन’चा लाइट जात नाही

मंडळी, गाडी चालवताना मीटरवर बॉनेट ओपनचा लाइट लागतो, खड्ड्यात तर हमखास. बॉनेट वर ओढून पाहिलं, लॉक पक्कं आहे. लॅचमधल्या छोट्या स्विचची पिन स्क्रू ड्रायव्हरने पूर्ण दाबून धरली की लाइट जातो पण लॅच बंद झाल्यावर ती तेवढी दबतच नाही, टोक झिजलंय. कनेक्टर साफ केला, वायर हलवून बघितली, फरक शून्य. फ्युएल फ्लॅपचंही तेच, झाकण बोटाने दाबलं की लाइट बंद. मेकॅनिक म्हणतो वायर शॉर्ट करून टाकू, पण मग उद्या बॉनेट खरंच उघडं राहिलं तर कळणार कसं? नुसता स्विच मिळतो का अख्खा लॅच घ्यावा लागतो? आणि फ्लॅपच्या आतून पातळ रबर चिकटवून कोणाचं भागलंय का?